उत्तरेचा उजेड

“खांबांना पावडर फासलीय की काय?” आईने नाक मुरडलं.

“आगीत लोखंड वाकू नये म्हणून तो रंग असतो,” लेक म्हणाली. “जुनं आहे तसं जपतात इथे.”

“जपतात म्हणे. जमिनीच्या याच फळ्यांवर तेलावरून घसरून आम्ही आपटायचो. तेव्हा कुणी चिंधी टाकली नाही. आता तेल खरवडून पॉलिश केलंय. चित्रं काढणाऱ्यांचे पाय नाजूक ना.”

आईने अर्धं आयुष्य या गिरणीत माग चालवले होते. आता इथे कलाकारांना कामासाठी खोल्या मिळत होत्या. एक दाढीवाला गंजक्या चाकांना सुतळी गुंडाळत बसला होता. देवाने धडधाकट हात दिले आणि याने त्यांचं हे केलं, असं मनात म्हणत आईने त्याच्याकडे पाठ केली.

लेकीचीही जात तीच, कलाकाराची. कित्येक वर्षं ती स्वयंपाकाच्या ओट्यावर, भांडी बाजूला सारून चित्रं काढत होती. आज तिला खोली मिळायची होती. व्यवस्थापकाने तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिनला आग अडवणारी जाड काच. दार लागलं आणि आवाज तुटला. आई बाहेर, काचेसमोरच्या बाकावर बसली.

पण मागांच्या खडखडाटात बायका एकमेकींचे ओठ वाचूनच गप्पा मारायच्या. आईने घरी हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर पोरं तोंड फिरवून बोलायला लागली असती.

“वरची खोली तुमच्यासाठी राखलीय,” व्यवस्थापक म्हणत होता. “छपराला उत्तरेकडून काच आहे, दिवसभर एकसारखा उजेड. खाली कुंभारकामाच्या भट्ट्या आणि दगडकाम. तेवढं वजन वरच्या फळ्यांना पेलत नाही. खाली धूळ, अंधार. तिथे कसली चित्रं काढणार?”

“दिवा लावीन. आईला घरी एकटं ठेवता येत नाही हो. परवा गॅस तसाच चालू राहिला. तिला रोज सोबत आणायचंय. लिफ्ट फक्त मालाची, आणि तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत.”

“मग वरची दुसऱ्या कुणाला जाईल. परत मिळायची नाही.”

“जाऊ दे.”

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

लेक हसत बाहेर आली. “खोली मिळाली, आई. इथेच, खाली. ऐसपैस आहे. तुझी खुर्चीही मावेल.”

बाक रिकामा होता. आई जिन्यावर होती. कठडा धरून एक पायरी चढली, थांबली, दुसरी चढली.

“वरची सांग त्याला,” मागे न बघता ती म्हणाली. “त्या धुळीत मी बसायची नाही. आणि गुडघ्यांचं म्हणशील, तर चार पायऱ्यांना रडायला मी काय कलाकार आहे?”