त्याच चुकीचे गुण

ता. ८ जानेवारी १९६१, रविवार. अडुसष्ट नव्हे, सत्तावीस.

एवढं लिहून मुमताजनं टाक खाली ठेवला. दौंडात बापाच्या सायकल दुकानामागच्या खोलीत ती डायरी घेऊन बसली होती, आणि समोर दोन पेपर पडले होते. दोन्ही भूमितीचे, मॅट्रिकच्या सत्तावन्न सालच्या प्रश्नपत्रिकेवरचे, दोन्ही सर्जेराव सरांनीच लाल शाईनं तपासलेले. एक तिचा. जुना पेपर सोडवायची तिची ही पहिलीच खेप, आणि सरांनी अडुसष्ट गुण दिले होते. दुसरा तिच्या वर्गातल्या जयसिंगचा. उत्तरांचं पुस्तक तिनं त्याच्याकडून मागून आणलं, त्यात तो घडी होऊन राहिला होता. त्याला एकतीस. ते बघून तिला आधी हसू आलं, खोटं कशाला बोला. मग ती वाचायला लागली.

मध्यबिंदूचं प्रमेय. प्रश्नात त्रिकोण पफम होता, तोही उलटा. दोघांनी लिहिला होता फळ्यावरचा अबक, कारण पाठ तेवढाच होता. जयसिंगच्या कागदावर सरांचा शेरा: 'आकृती एक, सिद्धता दुसरीची.' आणि भोपळा. तिच्या कागदावर त्याच चुकीला आठपैकी सात, वर 'सुवाच्य अक्षर'. खाली रायडर होता, म्हणजे प्रमेय वापरून सोडवायचा नवा प्रश्न, पुस्तकात नसलेला. चौकोनाच्या चारी बाजूंचे मध्यबिंदू जोडले तर समांतरभुज चौकोन होतो, हे दाखवा. दोघांनी नुसती आकृती काढून सोडून दिलं होतं. त्याला शून्य, तिला तीन. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची, ती दोघांनी पट्टी सरकवून डोळ्याच्या अंदाजानंच मारलेली. 'कंपासाच्या खुणा कुठं?' हे सरांनी विचारलं ते जयसिंगला. तिला नाही.

मग तिनं आपला पेपर पहिल्यापासून जयसिंगच्या मापानं तपासला. सत्तावीस भरले. पास व्हायला पस्तीस लागतात.

तीन वर्षं वर्गात पहिली, आणि ही अशी पहिली! तिला रडू येत नव्हतं, अंगाची आग होत होती. मार्चात पास झाली तर पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. नापास झाली तर परत फॉर्म भरायचा नाही, असं तिच्या बापानं, चांदभाईनं, भावकीपुढं कबूल केलं होतं. सरांच्या गुणांच्या जोरावरच त्यानं सगळ्यांची तोंडं गप्प केली होती.

तिनं टाक उचलला.

'मला प्रमेयं येत नाहीत, अबक येतो. उद्यापासून रोज एक प्रमेय दुसऱ्या अक्षरांनी, आकृती आडवी-उलटी करून, आणि प्रत्येक ओळीपुढं कारण. कारण सांगता आलं नाही तर ती ओळ येत नाही असं समजायचं. रायडर सोडायचा नाही. काय दिलंय ते लिहायचं, काय हवंय ते लिहायचं, मग वरचं प्रमेय कुठं बसतं ते शोधायचं. चौकोनात कर्ण काढला असता तर दोन त्रिकोण झाले असते आणि वरचंच प्रमेय दोनदा लागलं असतं. एवढं समोर होतं. कंपासाच्या खुणा पुसायच्या नाहीत. पेपर मधेच उठून चहा पिऊन सोडवायचा नाही, घड्याळ लावून एका बैठकीत. आणि तपासून घ्यायचा तो'

इथं ती अडली. कुणाकडून?

बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला.

"चांदभाई, मागच्या चाकाची हवा राहीना," सर्जेराव सर म्हणाले.

"बसा सर. पंक्चर असंल, बघतो." चांदभाईनं स्टूल पुसून पुढं केलं. "पोरीला अडुसष्ट दिलं म्हनं. तुमची किरपा हाय."

मुमताज दोन्ही पेपर घेऊन बाहेर आली आणि सरांच्या मांडीवर शेजारीशेजारी ठेवले.

"सर, चूक तीच हाय. त्याला भोपळा आन् मला सात, ते कसं?"

सरांनी एकदा दोन्हीकडं पाहिलं. भला माणूस; रागावले नाहीत. "अगं, त्याला पुढं इंजिनियर व्हायचंय. त्याला असं तासावंच लागतं."

"आन् मला?"

"तुझं छान चाललंय की. तुमच्यातली पोर मॅट्रिकपर्यंत आली हेच लई झालं. तुझं मन कशाला मोडायचं?"

तीन वर्षं या माणसाच्या एकेका शाब्बासकीवर ती जगली होती. पण आवाज तिनं हलू दिला नाही.

"सर, हा पेपर जयसिंगचा हाय असं समजा आन् परत तपासा. आत्ता, हितं."

चांदभाई चाक सोडून उभा राहिला. त्याला अजून नीटसं उमगलं नव्हतं. पोरीच्या तोंडाकडं बघून तो हसायचा थांबला, एवढंच. सरांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं, पुन्हा लावलं.

"चांदभाई," ते वर न बघता म्हणाले, "तुम्ही जरा चहा सांगून येता का?"

"न्हाई," मुमताज म्हणाली. "अब्बा हितंच बसतील."