सुधारणेचा शेरा

“बघा, वळण कुणाचं ते!” आईने लेकीची शाळेची डायरी ताठ मानेने नवऱ्यासमोर आपटली. एरवी लाल शेऱ्यांनी भरलेल्या डायरीत बाईंनी पहिल्यांदाच कौतुक लिहिलं होतं: ‘मन्विता आता वस्तू हिसकावत नाही, कुणी बोलताना मध्ये तोंड घालत नाही. परवा तर मैत्रिणींचं भांडण तिनेच मिटवलं. घरीही प्रयत्न चालू ठेवा.’

“तुझं वळण? अगं, मी तिला रोज...”

“मध्ये बोलू नका!”

त्याने डायरी हिसकावली, तिने परत ओढली. पान टरकन फाटलं. मग दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मन्विताने पान चिकटवलं आणि दोघांपुढे पेन धरलं.

“सही करा. घरी प्रयत्न चालू आहेत, असं मी बाईंना सांगते.”