साठ शब्द जास्त

वाचनालयाच्या पत्रलेखन स्पर्धेत नंबर न आलेल्या सत्तेचाळीस जणांना ग्रंथपालबाईंनी पत्र पाठवलं. स्पर्धेची पत्रं नावं झाकून, नुसते क्रमांक टाकून दोन परीक्षकांनी वेगवेगळी वाचली, मग सरासरी काढली. विषय, भाषा, मोकळेपणा आणि शेवट, यांना दहा-दहा गुण. मर्यादा दीडशे शब्दांची; त्यावरच्या दर दहा शब्दांना एक गुण वजा. असं सगळं समजावून, ज्याचे त्याचे गुण खाली मांडून बाईंनी शेवट केला, "वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी नक्की भाग घ्या."

निवृत्त पोस्टमनकाकांना छत्तीस गुण पडले होते. पण पत्र एकशे नव्वद शब्दांचं, म्हणून चार गेले, उरले बत्तीस. तिसरा नंबर तेहतीसवर होता.

"आता काका भांडायला येणार बघ," बाई सहकारिणीला म्हणाल्या.

काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाईंचंच पत्र परत आलं, लाल पेनाने तपासलेलं. विषय दहा, भाषा आठ, मोकळेपणा दहा, शेवट नऊ, एकूण सदतीस. शब्द दोनशे दहा, सहा वजा, उरले एकतीस.

बाईंनी बोट ठेवून शब्द मोजले. दोनशे दहाच भरले! 'शांतता राखा'च्या पाटीखाली त्या पोट धरधरून हसल्या.

खाली काकांनी लिहिलं होतं, "बाई, तुम्ही तर माझ्याही मागे पडलात, एका गुणाने. वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी नक्की भाग घ्या."