अंगठ्याची जागा

"या विश्वात विनाकारण काहीही घडत नाही," असं प्रवचनकार नाना कोपरकरांनी वॉर्डाच्या दारात जाहीर केलं, आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून घसरत थेट कमळजाच्या कॉटवर जाऊन बसले.

कारखान्यातल्या प्रेस मशीननं तिचे दोन्ही पंजे नेले होते. नानांचे परमभक्त असलेल्या मालकांनी त्यांच्याकडे एक कागद दिला होता. 'चूक माझीच, भरपाई नको.' खाली अंगठ्यासाठी जागा. सोबत, आठवणीनं, शाईचा पॅड.

"बाई, संचितातलं जे पिकतं ते प्रारब्ध. भोगूनच संपतं."

"हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर होता, नाना. काम हळू होतं म्हणून मालकांनी सोमवारी त्याची वायर काढली. ते कुठल्या जन्मातलं?"

"ते याच जन्मातलं. क्रियमाण म्हणतात त्याला. त्याचं फळ मालकांना मिळेल."

"मिळेल तेव्हा मिळेल. हात माझे गेले."

कर्माचा हिशेब ज्यानं त्यानं स्वतःचा तपासायचा, दुसऱ्याच्या जखमेवर चोळायचा नाही, हे नाना चाळीस वर्षं सांगत आले होते. अडचण एवढीच, की हातातला कागद हेही क्रियमाणच होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

त्यांनी कागद फाडला. "वायरीचं मी इन्स्पेक्टरला सांगतो," म्हणाले, आणि सवयीनं पुढचं प्रवचन घशाशी आलं.

"ते सांगा सावकाश," कमळजा म्हणाली. "सकाळपासून नाक खाजतंय. आधी तेवढं खाजवता?"