रंग बघून चढायचं नसतं

परदेशातल्या पहिल्याच परीक्षेच्या दिवशी मी मेट्रोत हरवलो. युनिव्हर्सिटीला निळी लाइन जाते एवढं माहीत होतं, म्हणून निळी गाडी दिसताच चढलो आणि उतरलो थेट विमानतळावर. घाबरून आईला फोन लावला.

"रडू नकोस. भिंतीवर नकाशा असेल, तो नीट वाच," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

वाचला. निळ्या रेघेला मध्येच दोन फाटे फुटले होते. एक विमानतळाला, दुसरा युनिव्हर्सिटीवरून पुढे बंदराला. गाड्या दोन्हीकडच्या निळ्याच, फक्त कपाळावर शेवटच्या स्टेशनचं नाव वेगळं. परतीच्या गाडीने तीन स्टेशनं मागे, फाटा फुटतो तिथे आलो, प्लॅटफॉर्म बदलला, विमानतळाची एक गाडी सोडून दिली आणि 'बंदर' लिहिलेली पकडली. बसताच आईला पुन्हा फोन लावला.

"आई, बरोबर गाडीत बसलो. वेळेत पोचतो."

"रंग सारखा दिसला की शिरायचं, असं असतं का रे? एवढा घोडा झालास, जरा पाटी वाचत जा! थांब, पिशव्या खाली ठेवते. हे मेलं आपलं कुलूप आज का उघडत नाहीये?"



तेवढ्यात फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला आणि कुणी आजोबा म्हणाले, "ताई, तुमचं घर शेजारच्या इमारतीत. रंग सगळ्यांचा निळाच आहे, पण खाली पाटी आहे ना!"