नबीलालचं कार्ड

कोल्हापुरात महाराजांच्या पागेमागं नालबंदी करणाऱ्या नबीलालनं कुरुंदवाडला दोर वळणाऱ्या आपल्या दोस्ताला, सयाजीला, कार्ड लिहिलं. उघडं कार्ड, वाटेत कुणीही वाचणार, म्हणून बेतानंच लिहिलं : "आठवडाभर येऊन बस. तुझं काम संगं आण. काय झालंय ते विचारू नको. जमत नसंल तर राग न्हाय."

दुसऱ्याच दिवशी सयाजी वाखाची पेंडी घेऊन हजर. एरवी त्याचा आवाज नदीपल्याड जायचा, पण सहा दिवस तो उंबऱ्यात बसून मुकाट्यानं दावी वळत राहिला. नबीलालनं नाल ठोकायला बैल पाडला, की सयाजी उठून त्याची शिंगं दाबून धरायचा. दुपारी दोघं शेजारी बसून आपापली भाकरी सोडायचे.

सातव्या दिवशी टपालवाल्यानं नबीलालचंच कार्ड त्याला परत आणून दिलं. वर शेरा होता : "मालक गावी नाही."

"आरं, मग तू आलास कसा?"

सयाजीनं दाव्याला गाठ मारली. "मागल्या बाजारी माझ्या बैलाला नाल ठोकलास, आन् मला एक शिवी दिली न्हाईस. म्हटलं, गड्याचं कायतरी बिनसलंय."

नबीलालनं डोळे पुसले आणि त्याला आठवड्यातली पहिली शिवी हासडली.