पाच वाजताचा फोटो

रोज पाच वाजता तिच्या मोबाइलवर नवऱ्याने पाठवलेला फोटो यायचा. कधी एसटी स्टँडवरचं घड्याळ, कधी धुक्यातला पूल. खाली एकच ओळ, ‘मी इथे आहे.’ त्याची नोकरी फिरतीची, आणि त्या फिरतीतच दुसरी बाई त्याच्या आयुष्यात आली होती. उघडकीला आल्यावर त्याने तो संबंध तोडला, समुपदेशक बाईंसमोर सगळं कबूल केलं आणि फोटोचं हे त्यानेच सुचवलं.

सुरुवातीला ती फोटो मोठा करून कोपरे तपासायची. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची आणि तो न चिडता उत्तरं द्यायचा. आठव्या महिन्यात जरा सावरतंय असं वाटत असताना, एका लग्नात तिला तोच अत्तराचा वास आला, त्या दिवसांत त्याच्या शर्टाला यायचा तो. ती पुन्हा पहिल्या दिवसावर जाऊन पडली. “अजून किती दिवस?” असं त्याने विचारलं नाही.

मग कधीतरी ती कोपऱ्यांऐवजी फोटोतलं आभाळ बघू लागली. डोळे मिटले की त्या धुक्यातल्या पुलावरून एकटीच चालत राहायची.

दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी तो धापा टाकत घरात आला. “फोन बंद पडला गं! फोटो राहिला. चार्जर कुठेच मिळेना.”

ती गॅलरीत झाडांना पाणी घालत होती. तिने घड्याळाकडे पाहिलं. सव्वासात.

“माझ्या लक्षातच नाही आलं,” ती म्हणाली, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून तिच्या हातातली झारी थांबली.

तो दारातच मटकन खाली बसला.

“उद्या पाठव मात्र,” ती हळूच म्हणाली. “त्या पुलाचा.”